युरियातला नत्र आणि अमोनियम सल्फेटमधला नत्र: किलोला नेमका किती पडतो?

प्रश्न: "कळमेश्वर तालुक्यात माझी तीन एकर कोरडवाहू पऱ्हाटी आहे, जमीन भारी काळी. युरियाची बॅग २६६.५० ला, ४६ टक्के. अमोनियम सल्फेटची बॅग १०५० ला, २०.५ टक्के. किमतीला टक्क्यांनी भागलं तर ५.८० आणि ५१ आलं, म्हणजे सल्फेट नऊपट महाग. दुकानदार म्हणतो, काळ्या मातीत युरिया उडून जातो, सल्फेट पूर्ण लागू पडतं, म्हणून शेवटी तेच स्वस्त. हिशोब कोणाचा खरा?"

भाऊ, तुमची पद्धत जवळपास बरोबर आहे, फक्त एक आकडा सुटला. बॅगचं वजन. युरियाची बॅग ४५ किलोची असते, अमोनियम सल्फेटची ५० किलोची. २०१८ पर्यंत युरियाही ५० किलोत यायचा, तेव्हा किमतीला नुसत्या टक्क्यांनी भागलं तरी तुलना बरोबर यायची. वजनं वेगळी झाली की ती पद्धत चुकते. म्हणून आधी बॅगमध्ये नत्र किती किलो आहे ते काढायचं आणि मग किमतीला त्यानं भागायचं. वजन बॅगवर 'निव्वळ वजन' म्हणून छापलेलं असतं, तेच धरायचं.

युरिया: ४५ किलोचे ४६ टक्के म्हणजे २०.७ किलो नत्र. २६६.५० ला २०.७ नं भागलं की किलोभर नत्र १२.८७ रुपयांना पडतो. अमोनियम सल्फेट: ५० किलोचे २०.५ टक्के म्हणजे १०.२५ किलो नत्र. १०५० भागिले १०.२५, म्हणजे किलोला १०२.४४ रुपये. म्हणजे नऊपट नाही, आठपट. फरक तरीही मोठाच राहतो. पण एवढ्यावर निकाल लावता येत नाही, कारण दुकानदारानं दोन गोष्टी मधे आणल्या आहेत. एक त्यानं बोलून दाखवली, ती म्हणजे उडून जाणं. दुसरी बॅगवर छापलेली आहे आणि तिच्याबद्दल तो काहीच बोलला नाही, ती म्हणजे गंधक. खरा निर्णय दुसरीवर ठरतो. पण पहिली आधी पाहू, कारण ती अर्धी खरी आहे, आणि अर्ध्या खऱ्या गोष्टीवर शेतकऱ्याचा जास्त पैसा जातो.

युरिया उडतो, हे मी माझ्या वावरात अनुभवलं आहे. युरिया जमिनीवर पडला की मातीतल्या युरिएज नावाच्या विकरामुळे त्याचं अमोनियम कार्बोनेट होतं. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या उबेत आणि ओलीत याला दोन-चार दिवस पुरतात. तेवढ्यात दाण्याभोवतीच्या मातीचा सामू वाढतो आणि नत्र अमोनिया वायू होऊन हवेत जातो. सर्वात वाईट वेळ कोणती, तर माती वरून ओलसर, वर नुसती भुरभुर, आणि युरिया वरवर फेकलेला. ओल एवढी की दाणा विरघळावा, पण एवढी नाही की तो खाली उतरावा. अशा वेळी एक चतुर्थांश नत्र जाऊ शकतो, कधी त्याहूनही जास्त. उलट, टाकल्यानंतर एक-दोन दिवसांत दहा-पंधरा मिलिमीटरचा बरा पाऊस झाला, किंवा दाणा दोन-तीन बोटं खोल मातीआड गेला, तर नुकसान फारच कमी होतं. युरियाला निंबोळीचं आवरण आहे म्हणून तो उडणार नाही, असंही बरेच जण धरून चालतात. ते आवरण अमोनियमचं नायट्रेट होणं लांबवतं. वरवर पडलेल्या दाण्यातून अमोनिया उडण्यावर त्याचा भरवसा ठेवू नका.

आता हे नुकसान हिशोबात धरू. एक चतुर्थांश नत्र गेला, तर पिकाला मिळालेला किलोभर नत्र १२.८७ भागिले ०.७५, म्हणजे १७.१६ रुपयांना पडला. अर्धा गेला असं धरलं तरी २५.७४ रुपये. अमोनियम सल्फेटच्या १०२ रुपयांशी बरोबरी व्हायला शंभरातला सुमारे सत्त्याऐंशी किलो नत्र उडावा लागेल. एवढं माझ्या पाहण्यात कधी झालेलं नाही. म्हणजे 'उडून जातो' हे कारण कितीही ताणलं तरी त्यातून सल्फेटची किंमत निघत नाही.

शिवाय आपल्या मातीत सल्फेटही उडतं, हे त्या दुकानदाराला कदाचित माहीत नसावं. ज्या काळ्या जमिनीत चुनखडी आहे, तिथे अमोनियम सल्फेटची चुन्याशी क्रिया होते. गंधकाचा जिप्सम होतो आणि मागे अमोनियम कार्बोनेट उरतं, म्हणजे युरियापासून होतं तेच. सामू आठच्या वर आणि चुनखडी भरपूर असेल, आणि खत वरच फेकलेलं असेल, तर इथेही अमोनिया सुटतो. तुमच्या मातीत चुनखडी आहे का ते पाहणं सोपं आहे. नांगरटीत पांढरे खडे दिसतात का पाहा, नाहीतर कोरड्या ढेकळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब टाका. फसफसलं तर चुना आहे. तो असेल तर 'सल्फेट पूर्ण लागू पडतं' हे तुमच्या वावरापुरतं खरं नाही. चुना नसलेल्या, सामू सातच्या खाली असलेल्या जमिनीत सल्फेटचा नत्र खरंच टिकून राहतो. पण तशी जमीन वेगळी, आणि तुमची भारी काळी वेगळी.

उडणं थांबवायला महाग खत लागत नाही, वेळ आणि डवरा लागतो. मी पऱ्हाटीला युरिया दोन हप्त्यांत देतो, साधारण तिसाव्या आणि साठाव्या दिवशी. निंदण झाल्यावर, जमिनीत चालता येईल एवढी ओल असताना, ओळीच्या कडेनं टाकतो आणि लगेच डवरणी करून मातीआड करतो. मजूर कमी असेल तर एक दिवस थांबतो, पण मातीआड करणं टाळत नाही. एका वर्षी घाईत चार एकरांवर तसाच फेकून दिला आणि नंतर आठ दिवस नुसती भुरभुर लागून राहिली. धुऱ्याकडच्या चार ओळींत तेव्हा डवरा फिरला होता, तेवढ्याच गर्द हिरव्या झाल्या. बाकी पऱ्हाटी फिकट राहिली. तेव्हापासून हा नियम कधी मोडला नाही.

आता गंधक. सल्फेटच्या बॅगवर २०.५-०-०-२३ असं छापलेलं असतं. तो शेवटचा २३ म्हणजे गंधकाचे टक्के. ५० किलोच्या बॅगमध्ये ११.५ किलो गंधक आहे, म्हणजे नत्रापेक्षाही जास्त. तुम्ही १०५० रुपये दिले ते फक्त नत्राचे नव्हते, दोन अन्नद्रव्यांचे होते. मग सगळी किंमत नत्रावर टाकली तर त्या बॅगवर अन्याय होतो. पण गंधक फुकटात मिळाला असं समजून तो हिशोबातून काढून टाकला, तर अन्याय तुमच्या खिशावर होतो. यातून वाट काढायची तर एकच प्रश्न विचारायचा: हाच गंधक मला दुसरीकडून विकत घ्यायचा झाला तर किती पडेल?

समजा तुमच्या दुकानात ९० टक्क्यांचा बेंटोनाइट गंधक १० किलोला ७२० रुपयांना आहे. हा आकडा मी हिशोब सोपा व्हावा म्हणून धरला आहे, तुम्ही तुमच्या बाजारातला घाला. त्यात ९ किलो गंधक, म्हणजे किलोला ८० रुपये. सल्फेटच्या बॅगमधल्या ११.५ किलो गंधकाची किंमत त्या भावानं ९२० रुपये झाली. १०५० मधून ९२० गेले, राहिले १३०. ते १०.२५ किलो नत्रात वाटले तर किलोला १२.६८ रुपये. म्हणजे नत्र युरियाच्याच भावात! पण बेंटोनाइट ६० रुपये किलोनं मिळत असेल तर गंधकाचे ६९० होतात, नत्रावर ३६० राहतात आणि नत्र किलोला ३५ रुपयांवर जातो. म्हणजे गंधकाची खरंच गरज असेल आणि तो दुसरीकडे महाग असेल, तेव्हाच सल्फेट युरियाला गाठतं. गरज नसेल तर ११.५ किलो गंधकाची तुमच्यासाठी किंमत शून्य, आणि नत्राचा भाव पुन्हा १०२.

एक बारीक गोष्ट सल्फेटच्या बाजूनंही सांगायला हवी. बेंटोनाइटमधला गंधक मूलद्रव्याच्या रूपात असतो. जमिनीतले जीवाणू त्याचं सल्फेट करतात तेव्हाच मूळ तो उचलतं, आणि त्याला आठवडे लागतात. अमोनियम सल्फेटमधला गंधक मात्र पहिल्या दिवसापासून घेता येण्याजोगा असतो. उभ्या पिकात आत्ताच गंधक कमी दिसत असेल, तर दोन्ही गंधक एकाच भावानं मोजू नका. पेरणीला टाकायचा असेल तर फार फरक पडत नाही.

मग गंधकाची गरज आहे की नाही, हे कशावरून? मृदा आरोग्य पत्रिकेत गंधकाचा वेगळा रकाना असतो. उपलब्ध गंधक दशलक्षात १० भागांपेक्षा कमी असेल तर जमीन कमतरतेची समजतात. उभ्या पिकात पानावरूनही ओळखता येतं. नत्र कमी असला की खालची, जुनी पानं आधी पिवळी पडतात, कारण झाड त्यांतला नत्र काढून वरच्या पालवीला देतं. गंधक असा सहज हलत नाही, म्हणून तो कमी असला की वरची, कोवळी पानं आधी फिकी पडतात आणि ती शिरांसकट एकसारखी फिकी असतात. फक्त पावसानं पाणी साचून मुळं गुदमरली असतील तरी पऱ्हाटी पिवळी दिसते, तेव्हा आधी चर काढून पाणी बाहेर काढा आणि चार-पाच दिवसांनी पुन्हा बघा.

पण पत्रिकेच्याही आधी मला तुमच्याकडून एक गोष्ट हवी होती, ती तुम्ही लिहिली नाही: पेरणीला स्फुरद कशातून दिला? हिशोब याच ठिकाणी पलटतो. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के स्फुरद आणि ११ टक्के गंधक असतो. एकरी १२ किलो स्फुरद द्यायचा म्हणून तुम्ही दीड बॅग सुपर टाकलं असेल, तर त्यातूनच ८.२५ किलो गंधक जमिनीत गेला आहे. एकरी ८ किलो, म्हणजे हेक्टरी २० किलो, ही गंधकाची नेहमीची मात्रा. ती तुम्ही न ठरवताच पूर्ण झाली. डीएपी टाकलं असेल तर गंधक मिळालेलाच नाही, कारण त्यात नत्र १८ आणि स्फुरद ४६ एवढंच असतं.

आता तुमच्या एका एकराचा पूर्ण हिशोब मांडतो. एकरी २४ किलो नत्र धरतो. तुमच्या माती परीक्षणानुसार शिफारस वेगळी असेल तर तो आकडा घाला, रीत तीच राहील. डीएपी किंवा मिश्रखतातून पेरणीला गेलेला नत्र यातून आधी वजा करायला विसरू नका. इथे सोपं जावं म्हणून मी सगळाच नत्र या दोन खतांतून देतो.

सुपर टाकलं असेल, म्हणजे गंधक मिळालेला आहे, तर २४ किलो नत्रासाठी ५२ किलो युरिया लागतो. खर्च ३०९ रुपये. तेवढाच नत्र सल्फेटमधून द्यायचा तर ११७ किलो, म्हणजे दोन बॅग आणि वर १७ किलो. खर्च २,४५९ रुपये. तीन एकरांत फरक जवळपास साडेसहा हजारांचा होतो, आणि दुप्पट वजनाची हमाली व टाकायची मजुरी वेगळीच.

डीएपी टाकलं असेल आणि पत्रिकेत गंधक कमी असेल, तरी सगळा नत्र सल्फेटमधून देऊ नका. तसं केलं तर एकरी सुमारे २७ किलो गंधक पडतो, गरज ८ ची. उरलेल्या १९ किलोचे पैसे तुम्ही उगाच दिलेले असतात. अशा वेळी मी गंधकाच्या गरजेपुरतंच सल्फेट घेतो. ८ किलो गंधकासाठी ३५ किलो सल्फेट, त्याचे ७३५ रुपये, आणि त्यातून सव्वासात किलोच्या आसपास नत्रही मिळतो. राहिलेल्या पावणेसतरा-सतरा किलो नत्रासाठी साधारण ३७ किलो युरिया, त्याचे सुमारे २१७. एकूण ९५२. हेच ५२ किलो युरिया आणि ८० रुपये भावाचा ८ किलो बेंटोनाइट गंधक असं दिलं तर ९४९ रुपये. दोन्ही सारखेच. मग ठरवायचं ते वेळेवर. पेरणीलाच द्यायचा होता तर बेंटोनाइट चाललं असतं. पीक आता उभं आहे आणि कोवळी पानं फिकी आहेत, तर पहिल्या हप्त्यात सल्फेट घ्या आणि दुसऱ्या हप्त्यात नुसता युरिया.

दुकानात जाताना आणखी एक लक्षात ठेवा. छापील किंमत आणि तुम्ही मोजलेली किंमत एकच असेल असं नाही. मला एका दुकानात चार बॅग युरियासोबत ५०० रुपयांची एक बाटली घ्यायला लावली होती, जी मला नको होती. १,०६६ अधिक ५००, म्हणजे १,५६६ रुपयांत ८२.८ किलो नत्र. माझा किलोभर नत्र १२.८७ वरून १८.९१ वर गेला. असं जोडून विकणं नियमात बसत नाही. पक्कं बिल मागा, त्यात ती बाटली लिहायला लावा आणि तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार द्या. मी त्या वेळी बिल घेतलं नाही आणि हातात पुरावा राहिला नाही. पण तक्रार होईपर्यंत हंगाम थांबत नाही, म्हणून तुलना करताना खिशातून गेलेली पूर्ण रक्कम धरा. या उदाहरणातही सल्फेट पाचपटीहून महागच राहिलं, हेही दिसेल.

शेवटी, गंधक कमी निघाला तर सल्फेटचा निर्णय घेण्यापूर्वी दुकानात 'युरिया गोल्ड', म्हणजे गंधक-लेपित युरिया आहे का ते विचारा. बॅग ४० किलोची, नत्र ३७ टक्के, गंधक १७ टक्के. केंद्रानं जानेवारी २०२४ मध्ये तिची किंमत साध्या युरियाएवढीच, २६६.५० ठरवली. एका बॅगमध्ये १४.८ किलो नत्र आणि ६.८ किलो गंधक. नुसता नत्र पाहिला तर किलोला १८ रुपये पडतो, म्हणजे साध्या युरियापेक्षा महाग, आणि गंधक नको असलेल्यानं ती घेऊ नये. पण तुम्हाला गंधक हवा असेल तर त्यातल्या नत्राची किंमत साध्या युरियाच्या भावानं १९० रुपये धरा. उरलेले ७६ रुपये ६.८ किलो गंधकाचे, किलोला सव्वाअकरा रुपये. एकरी ४७ किलो युरिया गोल्डमधून ८ किलो गंधक आणि १७.४ किलो नत्र मिळतो. राहिलेल्या नत्राला १४-१५ किलो साधा युरिया. सगळं मिळून ४०० रुपयांच्या आत, जिथे सल्फेट मिसळून ९५२ लागत होते. यातला गंधकही मूलद्रव्याच्या रूपातला, म्हणजे सावकाश लागू होणारा आहे, म्हणून तो पहिल्याच हप्त्यात द्यायचा, आणि मातीआड करायचाच.

पेरणीला काय टाकलं आणि पत्रिकेतला गंधकाचा आकडा किती, एवढं कळवा. तुमच्या तीन एकरांच्या बॅगा मोजून देतो.